फोटोतला उंदीर, घूस की चिचुंद्री? शेपूट, कान आणि मुस्कट पाहून ओळखण्याची पद्धत

रात्री साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर एक धूसर फोटो येतो. खाली कोणी लिहितं "घूस", कोणी "साधा उंदीर", तर कोणी "अहो, चिचुंद्री आहे ती, जाऊ द्या". पुढचा उपाय या नावावरच ठरतो. घरउंदीर वरून येतो, त्यामुळे त्याचा पिंजरा माळ्यावर किंवा पाइपाच्या वाटेवर लावावा लागतो. घूस जमिनीतून येते, तिचं बीळ शोधावं लागतं. चिचुंद्री तर झुरळं आणि किडे खाऊन जगते. तिच्यासाठी विषारी गहू ठेवले, तर ती त्यांच्याकडे फारशी फिरकत नाही आणि ते शेजारच्या मांजराच्या वाटेत मात्र पडून राहतात.

चांगली गोष्ट अशी की बहुतेक फोटोंत शेपूट, कान आणि मुस्कट या तीन जागा नीट पाहिल्या की नाव सुटतं. रंग मात्र शेवटी बघायचा. एकच घरउंदीर पिवळ्या बल्बखाली तपकिरी दिसतो, फ्लॅशमध्ये राखाडी दिसतो आणि सीसीटीव्हीच्या रात्रीच्या चित्रात सगळेच पांढरट दिसतात.

आधी कोण कोण असू शकतं ते माहीत हवं

महाराष्ट्रातल्या घरात आणि घराभोवती नेहमी दिसणारे प्राणी मोजकेच आहेत. पट्टेवाली खार सगळ्यांच्या ओळखीची. घरउंदीर म्हणजे कौलांवर, माळ्यावर आणि केबलींवरून पळणारा सडपातळ उंदीर. गटारी उंदीर त्याच्यापेक्षा जाडजूड, आणि तो मुख्यतः मुंबईसारख्या बंदरांत आणि मोठ्या शहरांत सापडतो. आडगावातल्या वाड्यात कोणी "गटारी उंदीर" म्हटलं तर आधी शंका घ्यावी. मग कपाटामागचा तो पिटुकला, ज्याचं धड जेमतेम सात ते नऊ सेंटिमीटर असतं. आणि चिचुंद्री, जी उंदरांच्या कुळातली नाहीच. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे समोरचे छिन्नीसारखे दात तिला नसतात.

खरा गोंधळ "घूस" या शब्दाचा आहे. या नावाखाली दोन प्राणी येतात. मोठी घूस डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत वीस ते तीस सेंटिमीटर भरते आणि वजनाने अर्धा किलोच्या पुढे जाते. तिच्या पाठीवरून, विशेषतः कमरेकडे, लांब राठ काळे केस बाहेर आलेले दिसतात. लहान घूस पंधरा ते तेवीस सेंटिमीटरची असते, म्हणजे आकाराने सरळ घरउंदराच्या पंक्तीत बसते. त्यामुळे "एवढी लहान आहे, घूस कशी असेल?" हा युक्तिवाद टिकत नाही. नुसत्या आकारावरून नाव ठरवायला गेलं की चूक होते ती इथेच.

पायरी पहिली: फोटोत मोजपट्टी शोधा

फोटोतला प्राणी केवढा आहे हे डोळा सांगू शकत नाही. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. तो जवळ नेला की पुढे असलेला भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. उंदराच्या तोंडासमोर मोबाइल धरून काढलेल्या फोटोत डोकं घुशीसारखं दिसतं, याचं कारण एवढंच.

म्हणून प्राण्याच्या शेजारी, त्याच अंतरावर, ज्याचं माप माहीत आहे अशी वस्तू शोधावी. फरशी सगळ्यात सोयीची, कारण दोन फुटी फरशी साठ सेंटिमीटरची आणि एक फुटी फरशी तीस सेंटिमीटरची असते. नवा फोटो काढायचा असेल, प्राणी पिंजऱ्यात किंवा मेलेला असेल, तर शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते सत्तावीस मिलिमीटर व्यासाचं असतं. शाळेची फूटपट्टी असेल तर उत्तमच. मोजवस्तू प्राण्याच्या पुढे किंवा मागे नको, त्याच रेषेत हवी. वीतभर पुढे ठेवलेलं नाणं मोठं दिसतं आणि त्या हिशेबाने उंदीर खरा असतो त्यापेक्षा लहान भरतो.

फोटो काढताना दोन पावलं मागे व्हा, दुप्पट झूम करा आणि मोबाइल प्राण्याच्या उंचीला आणून बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत मुस्कटाचा उतार हरवतो, तर समोरून काढलेल्या फोटोत शेपूटच दिसत नाही. मेलेल्या प्राण्याला उघड्या हाताने सरळ करू नका. काडीने किंवा चिमट्याने शेपूट लांब करा, कारण पुढचं सगळं गणित शेपटीवर आहे.

पायरी दुसरी: शेपूट

पहिला प्रश्न केसांचा. शेपटीवर झुपकेदार, दोन्ही बाजूंना पसरलेले केस असतील तर ती खार. बाटली धुवायच्या ब्रशसारखी दिसणारी ही शेपूट उंदरांच्या कोणत्याच प्रकारात नसते. घाटातल्या देवराईत किंवा भीमाशंकरच्या रानात तांबूस-काळं-पिवळट, मांजराएवढं काही फांदीवर दिसलं आणि त्याची झुपकेदार शेपूट खाली लोंबत असेल, तर ते शेकरू. त्यात चुकायला फारशी जागा नाही.

शेपूट उघडी, खवल्यांची आणि कडीकडीची असेल तर लांबी मोजायची. लांबी म्हणजे शेपटीची धडाशी तुलना. धड मोजायचं ते नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत. शेपूट मोजायची ती बुडापासून टोकापर्यंत, वळणं धरून. मोबाइलच्या पडद्यावर फोटो मोठा करा, शिवणाचा दोरा घ्या, शेपटीच्या वळणावरून तो बसवा, मग पट्टीवर धरा. वाकलेल्या शेपटीचं सरळ अंतर मोजणं ही नवख्यांची हमखास चूक. त्याने घरउंदराची घूस होते.

घरउंदराची शेपूट धडापेक्षा लांब असते. ही एकच खूण पक्की लक्षात ठेवली तरी निम्मे फोटो सुटतात. गटारी उंदराची आणि लहान घुशीची शेपूट धडापेक्षा आखूड असते, लहान घुशीची तर सहसा ठळकपणे आखूड. मोठ्या घुशीची शेपूट धडाएवढी किंवा थोडी कमी भरते, त्यामुळे तिथे निवाडा आकार, राठ केस आणि मुस्कट यांवर सोडावा. आखूड शेपटीच्या दोघांत फरक करायचा असेल तर शेपटीची खालची बाजू पाहा. गटारी उंदराची शेपूट वर गडद आणि खाली फिकट अशी दुरंगी असते. घुशीची सगळीकडून एकसारखी काळपट असते.

चिचुंद्रीची शेपूट वेगळीच. बुडाशी जाड, गाजरासारखी टोकाकडे निमुळती, आणि तिच्यावर विरळ, लांब, सरळ उभे राहणारे केस. मोठा करून पाहिलेल्या फोटोत हे केस प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला छान दिसतात. उंदराच्याही शेपटीवर बारीक केस असतात, पण ते आखूड आणि शेपटीला चिकटून असतात.

शेपटीत फसवणूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे तुटलेली शेपूट. भांडणात, पिंजऱ्याच्या दारात किंवा मांजराच्या तोंडी तिचा तुकडा जातो. शाबूत शेपूट टोकाला दोऱ्याएवढी बारीक होत जाते. तुटलेली शेपूट जाडच असताना एकदम संपते. असं बोथट टोक दिसलं की लांबीचा पुरावा बाद करा आणि थेट कानांकडे जा.

दुसरी फसवणूक कोनाची, आणि तिचा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. कॅमेऱ्यापासून दूर वळत गेलेली वस्तू फोटोत खऱ्यापेक्षा आखूडच दिसते, लांब कधीच नाही. त्यामुळे धड पूर्ण बाजूने दिसत असेल, शेपूट मागे वळलेली असेल आणि तरीही ती धडापेक्षा लांब मोजली गेली, तर निकाल पक्का, कारण खरी शेपूट त्याहून लांबच असणार. याच फोटोत शेपूट आखूड भरली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. उलट प्राणी तोंड आपल्याकडे करून बसला असेल तर धड आक्रसतं आणि कोणाचीही शेपूट लांब वाटते. दिवाणखान्यात कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या घुशीला लोक उंदीर म्हणतात ते यामुळे.

पायरी तिसरी: कान

पुस्तकांत कानाची परीक्षा अशी दिलेली असते: कान पुढे दुमडला तर तो डोळ्यापर्यंत पोचतो का? घरउंदराचा पोचतो, गटारी उंदराचा पोचत नाही. फोटोत कान दुमडता येत नाही, पण त्याची नक्कल करता येते. कानाच्या बुडापासून डोळ्यापर्यंतचं अंतर दोऱ्याने घ्या आणि तोच दोरा कानाच्या उंचीवर धरा. कान त्या अंतराएवढा किंवा मोठा असेल तर घरउंदराकडे झुकावं. कान तोकडा असेल तर घूस किंवा गटारी उंदीर. ही परीक्षा बाजूने काढलेल्या आणि कान उभे असलेल्या फोटोतच चालते. घाबरलेला उंदीर कान मागे पाडतो, त्या वेळी सगळेच कान लहान दिसतात.

कानाची जाडीही पाहा. घरउंदराचा कान कागदासारखा पातळ असतो. मागून उजेड आला तर तो गुलाबी उजळतो आणि त्यातल्या शिरा दिसतात. गटारी उंदराचा कान जाडसर आणि बारीक केसांचा. घुशीचा कान गोल, आणि रुंद डोक्यावर असल्यामुळे आहे त्यापेक्षाही लहान वाटतो.

पिटुकल्याचे कान त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असतात, आणि इथे घरउंदराच्या पिल्लाशी गोंधळ होतो. हा फरक कानावर सोडवू नका, मागच्या पंजावर सोडवा. पिल्लाचं डोकं आणि मागचे पंजे अंगाच्या मानाने बेढब मोठे असतात, जणू मोठ्या भावाचे बूट घातलेत, आणि शेपूट बुडाशी जाड असते. पिटुकला लहान असला तरी पूर्ण वाढलेला असतो. त्याचे पंजे नाजूक, डोकं लहान आणि शेपूट सुतळीऐवजी दोऱ्यासारखी. शेजारी नाणं असेल तर मागचा पंजा त्याच्यावर मापा. पिटुकल्याचा पंजा टाचेपासून नखापर्यंत दोन सेंटिमीटरच्या आतच राहतो. उंदराच्या पिल्लाचा पंजा अंगावर नीट केस येईपर्यंतच त्या मापाच्या पुढे जाऊ लागतो.

खारीचे कान लहान, गोलसर आणि डोक्याला धरून असतात. चिचुंद्रीचे कान गोल, उघडे आणि खाली बसलेले असतात. पण चिचुंद्री ओळखायला कानापर्यंत जावंच लागत नाही.

पायरी चौथी: मुस्कट

चिचुंद्रीचं नाक खालच्या जबड्याच्या बरंच पुढे येतं. बाजूने पाहिलं तर तोंड नाकाच्या खाली, मागे सरकलेलं दिसतं आणि नाक सोंडेसारखं लवचिक वाटतं. वरून पाहिलं तर डोकं म्हणजे लांबट त्रिकोण, ज्याचं टोक संपतच नाही. डोळे टाचणीच्या टोपीएवढे. जिवंत प्राण्याच्या व्हिडिओत हे नाक सतत हलताना दिसतं, आणि तो भिंतीला चिकटून चिक् चिक् करत जातो. एकामागे एक अशी चार-पाच पिल्लं आईच्या मागे साखळी धरून चाललेली दिसली तर दुसरं नाव शोधायची गरज नाही. ही सवय चिचुंद्रीचीच.

घरउंदराचं मुस्कट लांबट आणि टोकदार, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, मिशा लांब आणि काळ्या. गटारी उंदराचं मुस्कट बोथट. घुशीचं त्याहूनही आखूड आणि रुंद, डुकराच्या थूथनीची आठवण करून देणारं. इंग्रजीतला बँडिकूट हा शब्दच तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून आला आहे, म्हणजे डुक्कर-उंदीर. तेच नाव पुढे ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्या प्राण्यांना चिकटलं. इंटरनेटवर बँडिकूट शोधला की सशासारख्या कानांचे भलतेच फोटो येतात ते त्यामुळे. आपल्या घुशीशी त्यांचा काही संबंध नाही.

मुस्कट पाहताना ते खालच्या बाजूने पाहू नका. पिंजऱ्याच्या जाळीला तोंड लावलेल्या उंदराचं नाक वर उचललेलं असतं आणि ते आखूड दिसतं. डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत आणि डोळ्यापासून कानाच्या बुडापर्यंत अशी दोन अंतरं बाजूच्या फोटोत घ्या. घरउंदराचं पहिलं अंतर स्पष्टपणे जास्त भरतं.

एक फोटो सोडवून पाहू

समजा फोटो असा आहे: पहिल्या मजल्यावरच्या घराचं स्वयंपाकघर, दोन फुटी फरशा, भिंतीच्या कडेने एक करडा प्राणी डावीकडून उजवीकडे चाललाय. खाली लिहिलंय, "एवढी मोठी घूस घरात शिरली". प्राणी पूर्ण बाजूने दिसतो. शेपूट बुडापासून सरळ जाऊन टोकाकडे थोडी भिंतीच्या दिशेने वळली आहे.

प्राणी फरशीच्या कडेच्या रेषेवरूनच चाललाय, त्यामुळे मोजपट्टी योग्य जागी आहे. पडद्यावर एका फरशीची कड 152 मिलिमीटर भरते. धड 46 मिलिमीटर, आणि दोऱ्याने मोजलेली शेपूट 53 मिलिमीटर. साठ सेंटिमीटरला 152 मिलिमीटर, या हिशेबाने धड साधारण 18 सेंटिमीटर आणि शेपूट जवळजवळ 21 सेंटिमीटर.

अठरा सेंटिमीटर म्हणजे मोठी घूस असेल तर अर्धवट वाढलेली, लहान घूस असेल तर ऐन वयातली, आणि घरउंदीर असेल तर चांगला धष्टपुष्ट. तिन्ही शक्य आहेत. आकाराने काहीच ठरलं नाही, आणि ते ठरणारही नव्हतं.

शेपूट धडापेक्षा दोन-अडीच आणे जास्त आहे. टोक मागे वळलेलं असूनही ती लांब भरली, म्हणजे खरी शेपूट याहून थोडी लांबच. टोक बारीक होत गेलंय, म्हणजे ती तुटलेली नाही. याच धडाच्या लहान घुशीची शेपूट चौदा-पंधरा सेंटिमीटरच्या आसपास अपेक्षित होती. इथे तर सहा सेंटिमीटरचा फरक पडतोय, दोरा थोडा सरकला म्हणून इतका फरक पडत नाही. आता कान पाहा: डोळ्यापर्यंतचं अंतर आणि कानाची उंची जवळपास सारखी, आणि कानाची कड पातळ. मुस्कट टोकदार. घरउंदीर.

मग तो "एवढा मोठा" का वाटला? धड आणि शेपूट मिळून जवळजवळ चाळीस सेंटिमीटर होतात. पळताना पाहणारा माणूस शेपटीसकट लांबी धरतो. आणि पहिला मजला हा आणखी एक धागा. घूस खणणारी आहे, तळमजला, गटार आणि जोत्याच्या आसपास राहणारी. केबल आणि पाइपावरून वर येणारा तो घरउंदीर. याला फोटोइतकं वजन देऊ नका, पण फोटोच्या उत्तराशी जुळलं तर बरं वाटतं.

शेतातले फोटो

शेतात घरउंदराऐवजी लहान घूस जास्त त्रास देते, विशेषतः भात, ऊस आणि गव्हात. तिच्या बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग असतो, आणि आत असताना ती तोंड मातीने बुजवून घेते. बिळात लोंब्या साठवलेल्या मिळाल्या तर शंका उरत नाही. फोटोत गोल डोकं, आखूड मुस्कट, काळपट आखूड शेपूट. पकडली की पाठीवरचे केस उभारते आणि गुरगुरते, त्यामुळे जिवंत घुशीचे फोटो नेहमी फुगलेले येतात.

कोरड्या रानात, बांधावर आणि वाळवट जमिनीत जर्बिल उंदीर भेटतो. रात्री टॉर्चच्या उजेडात याचे मोठे काळे डोळे आधी दिसतात. मागचे पाय लांब, आणि शेपूट धडापेक्षा लांब असून तिच्या टोकाला काळ्या केसांचा झुबका. हा झुबका पाहून कोणी कोणी खार म्हणतात. पण खारीच्या शेपटीवर केस बुडापासून असतात, जर्बिलच्या फक्त टोकाला लांब होतात. शिवाय साधी खार दिवसा फिरते. रात्री दोन वाजताच्या फोटोत पट्टेवाली खार येत नाही. घाटातल्या झाडावर रात्री खारीसारखं काही दिसलंच तर ती उडती खार असेल, आणि ती मांजराएवढी मोठी असते.

कापसात आणि ज्वारीत मऊ केसांचा शेतउंदीरही असतो. कान मोठे पण शेपूट घरउंदराएवढी लांब नाही, वर गडद आणि खाली पांढरी. मोठा कान पाहून घाईने घरउंदीर म्हटलं जातं. अशा वेळी शेपटीची खालची बाजू फोटोत नसेल तर उत्तर अर्धवट सोडावं हे बरं.

ओली खार आणि उघडी पिल्लं

पावसात भिजलेल्या खारीची शेपूट केस चिकटून दोरीसारखी होते, आणि पाण्याच्या टाकीत पडलेल्या खारीचे "उंदीर टाकीत पडला" म्हणून फोटो येतात. तिथे शेपूट सोडून पाठ पाहा. ओल्या अंगावरही फिकट पट्टे दिसतात. पट्टे मोजायचे असतील तर एक पथ्य: पाच पट्ट्यांच्या खारीचे बाहेरचे दोन पट्टे पुसट आणि कुशीवर असतात, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत तिचे तीनच पट्टे भरतात. पाच की तीन हे ठरवायला बाजूचा फोटो लागतो. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात.

एसीच्या खोक्यात, मीटरच्या पेटीत किंवा खिडकीच्या पडद्यामागे सापडलेली गुलाबी पिल्लं हा सगळ्यात नाजूक फोटो, कारण "उंदराची पिल्लं" म्हणून ती लगेच टाकून दिली जातात. खारीच्या पिल्लाचं डोकं मोठं आणि मुस्कट बोथट असतं, आणि पाठीवर केस येण्याआधीच कातडीवर गडद पट्ट्यांची छाया दिसू लागते. त्यासाठी पिल्लाची पाठ वरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा, कारण फ्लॅशने ही छाया उडते. घरटंही फोटोत घ्या. खारीचं घरटं काथ्या, कापूस, गोणपाटाचे धागे यांचा मऊ गोळा असतो. उंदराच्या घरट्यात कुरतडलेला कागद आणि प्लास्टिक जास्त. एक-दोन दिवसांच्या पिल्लात मात्र पट्टे नसले तरी ती खार नाही असं म्हणता येत नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा फोटो काढावा.

फोटो कुठे थांबतो

चिकट पुठ्ठ्यावर अडकलेल्या प्राण्याचं अंग सपाट होतं, कान चिकटतात, केस गुंततात. त्यात फक्त शेपटीवर विसंबा, तीही ताणली गेली नसेल तर. सीसीटीव्हीत पळणारा प्राणी हलल्यामुळे शेपटीचं टोक पुसून टाकतो आणि ती आखूड वाटते. व्हिडिओ असेल तर तो थांबलेल्या क्षणाची चौकट निवडा.

काही जोड्या फोटोतून सुटतच नाहीत. घरातला पिटुकला आणि शेतातला पिटुकला यांची लांबी जवळजवळ सारखी असते. पांढरं शुभ्र पोट दिसलं तर शेतातल्याकडे कल द्यावा, एवढंच. सह्याद्रीच्या दाट जंगलात घरउंदरासारखाच लांब शेपटीचा, झाडावर राहणारा एक उंदीर आहे. 1918 मध्ये हिंटन यांनी त्याला साताऱ्यावरून सॅटारी असं नाव दिलं, आणि बराच काळ तो घरउंदराचाच पोटप्रकार मानला जात होता. महाबळेश्वर-कोयनेच्या रानातला फोटो असेल तर नुसतं "रॅटस गटातला उंदीर" लिहून, जागा आणि उंची नोंदवून थांबावं. सातपुड्यातून आलेल्या फोटोत खारीसारखी झुपकेदार शेपूट, पण पट्टे नाहीत, मुस्कट लांब टोकदार आणि खांद्यावर एक फिकट रेघ दिसली, तर ती खार नसून वृक्षचिचुंद्री असते, आणि ती कुरतडणाऱ्यांतलीही नाही. त्या फोटोची मूळ प्रत, कापाकापी न करता, तारखेसकट जपून ठेवावी.